मागणी निरंक

"पाहिजे म्हनायचं न्हाई म्हने. आता पाहिजेच म्हनायचं न्हाई, तर मानसानं मागायचं तरी कसं?"

पाथर्डीहून दुपारी सुटणाऱ्या एसटीत पुढच्या बाकावरची बाई शेजारणीला सांगत होती. शेजारीण पेंगत होती, त्यामुळे बाईला दोन-दोनदा सांगावं लागत होतं. तिच्या मांडीवर भरलेली पिशवी, पिशवीत वरच नवे करकरीत प्लास्टिकचे डबे. घरातलीच पोरगी कागद घेऊन आली आणि परक्यासारखी प्रश्न विचारायला लागली, म्हणाली, आई, पाहिजे म्हणू नको, आमच्या मॅडमनी सांगितलंय, ते वाक्य धरत नाहीत. धरत न्हाईत म्हंजी काय, बाई म्हणाली, वाक्य हाय का पाखरू हाय?

मागच्या बाकावर माधुरी मॅडम बसल्या होत्या. त्याच त्या मॅडम. त्यांनी पर्समधून मोबाईल काढला, त्यात काही नव्हतंच, तरी त्यात डोकं घातलं. एकदा वाटलं, पुढं वाकून सांगावं, की बाई, असं नाही, त्यामागं कारण आहे. पण बाकावरून बाकावर अर्थशास्त्र सांगायचं म्हणजे आधी कंडक्टरचीच समजूत काढावी लागते. शिवाय राग आलेल्या बाईला मागून कुणी खांद्याला हात लावला की ती आधी आपली पिशवी धरते. माधुरींनी मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. तिसगावला उतरताना त्यांनी त्या बाईचा चेहरा नीट बघितला नाही, फक्त डबे बघितले. एकात एक घातलेले, पाच.

माधुरी एकोणीस वर्षं अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवत होत्या. अकरावीच्या सुरुवातीलाच एक धडा असतो. अर्थशास्त्र जसं आहे तसं सांगणारं, म्हणजे वास्तववादी. आणि कसं असावं ते सांगणारं, म्हणजे आदर्शवादी. मुलं दरवर्षी त्यात गोंधळतात. म्हणून माधुरींनी पहिल्या काही वर्षांतच एक युक्ती काढली होती. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडं 'आहे', उजवीकडं 'पाहिजे'. वाक्यात पाहिजे, हवं, योग्य, अन्याय, असला शब्द दिसला की डोळे मिटून उजवीकडं ढकला. 'यंदा कांद्याचा भाव उतरला' डावीकडं. 'कांद्याला हमीभाव मिळाला पाहिजे' उजवीकडं. परीक्षेत या युक्तीनं कुणाचा एक मार्क गेला नव्हता. त्या मुलांना हेही सांगत, की डावीकडचं वाक्य खरंच असतं असं नाही. 'पाथर्डी तालुक्यात वर्षभर पाऊस पडतो' हेसुद्धा डावीकडचंच. ते खोटं आहे, पण तपासून खोटं ठरवता येतं, म्हणून डावीकडचं. उजवीकडच्या वाक्याला मात्र नुसत्या आकड्यांनी खोटं पाडता येत नाही. त्याला आपली किंमत लावावी लागते, कुणाचं भलं आपल्याला किती महत्त्वाचं वाटतं ते ठरवावं लागतं. मुलं हसत आणि वहीत लिहून घेत.

ही युक्ती वर्गाबाहेर पडली ती आसाराम गुरुजींमुळं.

आसाराम गुरुजी खैरवाडीच्या शाळेचे मुख्याध्यापक. खैरवाडीतून दरवर्षी दसरा झाला की चौतीस कोयते ऊसतोडीला जात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. मुकादमाच्या वहीत माणसं अशीच मोजतात. जोडीबरोबर पोरं जात. पोरं गेली की शाळेत फळा, गुरुजी आणि चिमण्या उरत. गुरुजींना गावात हंगामी वसतिगृह हवं होतं. आईबाप उसाच्या फडात असतील तेवढे सहा महिने मुलांनी शाळेतच राहायचं, गावातल्याच बाईनं रांधून घालायचं. मागच्या वर्षी त्यांनी त्यासाठी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात चार पानी अर्ज केला होता. त्यात बालपण करपतंय, हा घोर अन्याय आहे, शासनाने डोळे उघडले पाहिजेत, असं सगळं होतं, आणि मुलं किती ते नव्हतं. अर्ज परत आला. समासात एक ओळ होती : मते नकोत, माहिती द्यावी.

गुरुजींना ती ओळ फार लागली. ते अर्ज घेऊन माधुरींकडं आले, म्हणाले, तुम्ही या विषयातल्या, तुमच्या वर्गात आमच्या गावच्या दोन मुली आहेत, आम्हाला एवढी माहिती गोळा करून द्या. माधुरींना बरं वाटलं. एकोणीस वर्षं जो धडा नुसता परीक्षेला लागत होता तो एकदाचा कुणाच्या तरी कामाला येणार होता. त्यांनी सहा मुलं निवडली, प्रश्नांचे कागद छापले आणि बजावलं, की लोक पाहिजे-पाहिजे करतील, ते मत झालं, ते आकड्यांत मिसळू नका. शक्यतो त्यांना तसं बोलूच देऊ नका.

अहवाल चांगला झाला होता. चौतीस कोयते. सहा ते चौदा वयाची सत्तावीस मुलं. त्यांतली मागच्या हंगामात एकवीस मुलं आईबापांबरोबर फडात गेली, सहा नातेवाइकांकडं राहिली. परत आल्यावर किती जणांना वाचायचं पुन्हा शिकवावं लागलं, तेसुद्धा गुरुजींनी हजेरीपट काढून दाखवलं होतं. अन्याय हा शब्द कुठंही नव्हता. माधुरींनी तो अहवाल पाठवण्याआधी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा नुसत्या समाधानासाठी.

एसटीतल्या त्या दुपारनंतर तीन दिवसांनी गुरुजींचा फोन आला. आवाज असा, की कुणी गेलं की काय वाटावं.

"मॅडम, कागद परत आलाय."

"का? आता काय राहिलं?"

"मुलं आहेत म्हणतात, जातात हेही मान्य. पण पालकांची मागणी किती, तो रकाना बघा म्हणतात. आपणच लिहिलंय. मागणी निरंक."

माधुरींना आधी कळेना. निरंक म्हणजे काहीही नाही. तो रकाना भरायचा राहिला असेल. पण तो राहिला नव्हता. चौतीस घरांत मुलांनी विचारलं होतं, वसतिगृहाबद्दल तुमचं काय म्हणणं? चौतीस घरांनी एकच उत्तर दिलं होतं : पाहिजे. आणि मुलांनी, चांगल्या शिकवलेल्या मुलांनी, ती चौतीसच्या चौतीस उत्तरं उजवीकडं ढकलली होती. उजवीकडचं पान मत म्हणून अहवालाला जोडलंच नव्हतं. उरला शून्य. तो माधुरींनी स्वतः तपासून, खाली सही करून पाठवला होता.

गुरुजींनी सांगितलं, सोमवारी सकाळपर्यंत दुरुस्त करून द्या म्हणालेत, नाहीतर यंदाचं राहिलं. दसऱ्याला दोन आठवडे उरले होते. दिवस गुरुवारचा होता.

शुक्रवारी माधुरी वर्गात गेल्या तेव्हा ही बातमी मुलांना आधीच लागली होती. हर्षल म्हणून एक उंच, सगळ्यांची नक्कल करणारा मुलगा होता. तो मागून म्हणाला, मॅडम, मला भूक लागली पाहिजे हे उजवीकडचं, पण मला वडापाव पाहिजे हे कुठलं? वर्ग हसला. माधुरीही हसल्या असत्या. पण पहिल्या बाकावर संस्कृती उभी राहिली होती आणि ती हसत नव्हती.

संस्कृती खैरवाडीची. वयानं वर्गाहून दोन वर्षांनी मोठी, कारण लहानपणी दोन हंगाम तिचे फडात गेले होते. मग सातवीपासून तिला पाथर्डीत लंकाबाई आत्याकडं ठेवलं. तिची धाकटी बहीण निकिता यंदा चौथीत. वसतिगृह झालं नाही तर निकिता येत्या दसऱ्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसणार होती. आत्याकडं आणखी एकीला जागा नव्हती. खैरवाडीतले निम्मे कागद संस्कृतीनंच भरले होते. आईचाही.

"मॅडम, 'वसतिगृह झालं पाहिजे' हे उजवीकडचं. मला कळतं. पण माझ्या आईनं तसं म्हटलंच नव्हतं. ती म्हणाली, मला वसतिगृह पाहिजे. तिला पाहिजे आहे, हे खरं आहे का खोटं, ते तर तपासता येतं. तिलाच विचारून. मग ते डावीकडचं नाही का?"

माधुरींनी खडू उचलला. मध्ये रेघ मारली. डावीकडं लिहिलं : बनाबाईंना वसतिगृह पाहिजे. उजवीकडं लिहिलं : वसतिगृह झालं पाहिजे. दोन्हींत शब्द तोच. उजवीकडचं वाक्य जगाला सल्ला देतं. डावीकडचं नुसतं बनाबाईंची खबर देतं, आणि खबर खरी असते किंवा खोटी. चौतीस घरांना काय हवंय, हे मत नव्हतं. ती मोजलेली गोष्ट होती. बाजारात कुणाला काय हवंय आणि त्यासाठी तो काय सोडायला तयार आहे, हे मोजायलाच तर आपण मागणी म्हणतो. मागणीच्या धड्यात हे त्या शिकवत होत्या, आणि आधीच्या धड्यात शब्द बघून हाकलून देत होत्या.

"बरोबर आहे संस्कृतीचं," त्या म्हणाल्या. "माझी युक्ती चुकली. शब्द बघू नका, वाक्य काय करतंय ते बघा."

हर्षलनं विचारलं, एकोणीस वर्षांच्या सगळ्या बॅचला आता फोन करायचा का मॅडम. त्या म्हणाल्या, तुझ्यापासून सुरू करू. पण तास संपल्यावर स्टाफरूममध्ये त्यांनी चहाचा कप नुसताच धरून ठेवला. एसटीतल्या बाईचं म्हणणं तेव्हाच ऐकलं असतं तर. पाहिजे म्हणायचं नाही तर मागायचं कसं. तिनं एका वाक्यात चूक दाखवली होती, आणि त्यांनी मोबाईलमध्ये डोकं घातलं होतं.

त्या रात्री जेवण करून ओटा पुसत असताना रविराजचा फोन आला. रविराज त्यांचा एकुलता एक. हैदराबादला नोकरी, दोन वर्षं झाली. नवरा गेल्यापासून घरात त्या एकट्याच, पण हे वाक्य त्या कुणाला सांगत नसत. विचारलं तर म्हणत, मोकळी जागा आहे, वाचायला बरं पडतं. रविराज म्हणाला, आई, दिवाळीला यायला पाहिजे खरं, पण रजेचं अवघड दिसतंय. त्या म्हणाल्या, कामाकडं लक्ष दिलंच पाहिजे. तो म्हणाला, तू तब्येत जपायला पाहिजेस. त्या म्हणाल्या, तूही वेळेवर जेवायला पाहिजेस. असं साताठ मिनिटं दोघांनी एकमेकांना काय-काय करायला पाहिजे ते सांगितलं आणि फोन ठेवला. ओट्यावर फडकं तसंच होतं. माधुरींना वाटलं, आपण दोघं उजवीकडच्याच पानावर राहतो. मग त्यांनी ओटा पुन्हा पुसला, पुसलेला.

शनिवारी सकाळी त्या संस्कृतीला घेऊन खैरवाडीला गेल्या. फाट्यावर आसाराम गुरुजी मोटरसायकल घेऊन उभे होते, पण तिघं बसायचं कसं, म्हणून तिघंही गाडी ढकलत चालत गेले. गुरुजी वाटेत म्हणाले, मॅडम, आता नुसतं पाहिजे चालणार नाही हं, लेखी लागेल. माधुरींनाही तेच वाटत होतं. या वेळी प्रश्न एकच ठेवला होता आणि नीट ठेवला होता : वसतिगृह सुरू झालं तर या हंगामात आपलं मूल तिथं ठेवाल का? उत्तर हो किंवा नाही. खाली सही किंवा अंगठा. आणि गुरुजींचं जे काही म्हणणं असेल, अन्यायासकट, ते वेगळ्या पानावर, वर 'आमचे मत' असं ठळक लिहून. कारण एकवीस मुलं फडात जातात, या आकड्यातून वसतिगृह व्हावं असं आपोआप निघत नाही. मूल शिकणं महत्त्वाचं आहे, असं कुणीतरी म्हणावंच लागतं. ते म्हणायचं, पण आपलं म्हणून म्हणायचं. आकड्याच्या पदराआड लपून नाही. हे ऐकल्यावर गुरुजींची मान वर्षभरानं थोडी वर झाली.

प्रश्न सोपा होता, उत्तर अवघड निघालं.

पहिल्या घरी सूर्यभान नावाचा गडी दारात दोरखंड वळत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ठेवायलाच पाहिजे, शिक्शनाबिगर आता काय हाय. माधुरी म्हणाल्या, ठेवायला पाहिजे हे कळलं, तुम्ही ठेवाल का? तो म्हणाला, मानसानं ठेवलं पाहिजे. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तो आत बघायला लागला. आत बायको चुलीपुढं पाठमोरी बसली होती. मग त्यानं सही केली, अक्षर असं दाबून, की कागद मागून उठला.

घरोघरी हेच झालं. लोक सरकारनं काय करावं ते सांगत, मुकादमानं काय करावं ते सांगत, पोरांनी काय व्हावं ते सांगत. एका म्हातारबुवांनी तर अमेरिकेनं काय करावं तेसुद्धा सांगितलं. सगळी वाक्यं पाहिजेनं संपत. तुम्ही ठेवाल का, म्हटलं की घरात शांतता होई. ती नको असल्याची शांतता नव्हती. बहुतेक सगळे शेवटी हो म्हणत होते. पण हो म्हणायच्या आधी प्रत्येक घरातली बाई काहीतरी काम काढत होती. एक उठून कोंबड्या हाकायला गेली, अंगणात कोंबडी नसताना. एकीनं भरलेला हंडा ओतून पुन्हा भरायला घेतला. माधुरी सह्या घेत होत्या आणि त्यांच्या ध्यानात येत होतं, की आपण कागदावर एक गोष्ट विचारतोय आणि घराघरात दुसरीच गोष्ट तोंडापर्यंत येऊन परत जातेय. ती काय, ते त्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच त्याही विचारत नव्हत्या.

दुपारपर्यंत तेवीस मुलांचे हो झाले. तीन मुलांना घरी आजी होती, त्यांचं नाही आलं. तेही कागदावर नाही म्हणूनच लिहिलं. गुरुजींना ते तीन खटकले. माधुरी म्हणाल्या, राहू द्या गुरुजी, खरं आहे ते. राहिलं एकच घर. संस्कृती तिथं सर्वांत शेवटी जाऊ म्हणाली होती.

घर गावाच्या टोकाला होतं. संस्कृतीचे वडील, सोपान, लिंबाखाली कोयत्याला दांडा बसवत होते. त्यांनी मॅडमना खाट टाकली, स्वतः खाली बसले. दारात पाच प्लास्टिकचे डबे उन्हात वाळत होते. बनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि माधुरींनी त्यांना ओळखलं. बनाबाईंनीही ओळखलं असावं. एसटीत मागं बसलेली माणसं उतरताना दिसतातच.

"तुमीच व्हय त्या," बनाबाई म्हणाल्या. "पाहिजे म्हनू न देनाऱ्या."

"मीच," माधुरी म्हणाल्या. "चुकलं माझं. तुमचं बरोबर होतं. तुमच्या लेकीनं भर वर्गात सांगितलं मला."

बनाबाईंनी लेकीकडं बघितलं. संस्कृती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, घरातही नाही आणि बाहेरही नाही. तांब्या देताना त्यांचा हात जरा हलका झाला. निकिता कुठं आहे, विचारलं तर म्हणाल्या, शाळंच्या वट्यावर खेळतीय, लई बडबडी हाय, तिला बलवू नका, मंग माझं बोलनं राहील.

माधुरींनी प्रश्न वाचला. सोपानरावांनी दांडा खाली ठेवला आणि लगेच सांगितलं, हो लिहा. ठेवायची. थोरलीच्या टायमाला दोन वर्सं गेली तसं हिचं जाऊ द्यायचं न्हाई. इतक्या घरांत न अडखळता हो म्हणालेला हा पहिला माणूस. माधुरींनी कागद पुढं केला, त्यांनी सही केली. खाली आईच्या सहीची जागा होती. ती गुरुजींच्या आग्रहानं ठेवली होती, एकाच पालकाची असली की मागाहून वाद निघतात म्हणून.

बनाबाईंनी पेन घेतलं नाही. त्या डब्यांकडं गेल्या, डबे उचलून एकात एक घालायला लागल्या.

"आई," संस्कृती म्हणाली, "तूच तर म्हणालीस वसतिगृह पाहिजे."

"म्हनले. पाहिजेच हाय. मी कुठं न्हाई म्हनते?"

"मग?"

बनाबाई खाटेजवळ येऊन खाली बसल्या आणि एकदम माधुरींना विचारलं, तुमाला लेकरं किती. एक मुलगा, माधुरी म्हणाल्या. कुठं असतो. हैदराबादला. येतो का.

"कामं असतात त्याला. दिवाळीला यायला पाहिजे, तो म्हणतोही तसं. पण…" माधुरी बोलल्या आणि थांबल्या.

"म्हंजी येत न्हाई," बनाबाई म्हणाल्या. टोमणा नव्हता. जसं कुणी कपाळाला हात लावून म्हणावं, ताप आहे.

माधुरींनी मान हलवली. एवढं साधं डावीकडचं वाक्य दोन वर्षांत त्यांनी स्वतःशीही म्हटलं नव्हतं. येत नाही. लिंबाची सावली खाटेवरून सरकली होती, पाय उन्हात आले होते, पण त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत. गुरुजी उगाच कागदांचा गठ्ठा नीट करत होते. सोपानराव कोयत्याच्या दांड्याकडं बघत होते, जणू तो आपण कशासाठी बसवत होतो ते विसरलेत.

बनाबाईंनी पेन मागितलं. त्यांना सही येत होती. संस्कृतीनंच शिकवली होती, सुट्टीत. त्यांनी सावकाश अक्षरं काढली, बनाबाई सोपान, आणि खाली रेघ मारली. मग पेन परत न देता हातातच ठेवलं.

"ठेवते मी तिला. ते लिवलं. आता मी सांगते ते आजून एक लिवा, मॅडम, कुटं लिवायचं ते तुमचं तुमी बगा."

"सांगा."

त्या माधुरींकडं बघून बोलत होत्या, पण आवाज दाराच्या चौकटीकडं जात होता.

"हिला आत्याकडं ठेवली तवा लोकं म्हनले, चांगलं केलं. मीबी म्हनले, चांगलं केलं. पोरीनं शिकलं पाहिजे. सगळ्यांनी तेच म्हनलं, मंग दुसरं काय बोलायचं ऱ्हायलंच न्हाई. ही जाताना रडली न्हाई. मीबी रडले न्हाई. हिला वाटलं आसंल, आईची सुटका झाली."

संस्कृती चौकटीपासून हलली नाही.

"रोज संध्याकाळी फडावरच्या कोपीत भाकऱ्या करताना मी हिची भाकर थापायची. सहा म्हयनं. मंग ती मोडून बैलाला घालायची. ह्यास्नी ठावं हाय, ह्ये कदी बोलले न्हाईत. आता निकीची बी थापीन. मला माज्या लेकी जवळ न्हाई ऱ्हायल्या म्हंजी करमत न्हाई, संस्कृती. कदीच करमलं न्हाई."